एमएस: डाग कुठे पडतो, लक्षण जातं कसं आणि परत येतं का

आजचा विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. या आजाराबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न उपचारांचा नसतो. तो असा असतो: "गेल्या वर्षी डोळ्याला झालं होतं, ते बरं झालं. आता पायाला झालंय. हा एकच आजार कसा?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा: "बरं झालं होतं ना, मग उन्हात गेल्यावर तेच परत का होतं?" या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं. म्हणून आज आपण तेवढंच घेऊ या.

सुरुवात एका माणसापासून करू. ऑगस्टस देस्त हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू. जन्म १७९४ चा. डिसेंबर १८२२ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडमध्ये एका जवळच्या नातेवाइकाच्या अंत्यविधीला गेला होता. त्यानंतर लगेचच त्याची नजर इतकी अंधुक झाली की आलेली पत्रंही त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही दिवसांनी, कसलाही उपचार न करता, डोळे पूर्ववत झाले. तीनेक वर्षांनी पुन्हा तेच झालं आणि पुन्हा ओसरलं. मग १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला असताना त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. ते थांबतं न थांबतं तोच पायांतली ताकद कमी व्हायला लागली. रोज जिना चढणं कालच्यापेक्षा अवघड. कंबरेच्या खाली, बैठकीच्या भागात बधिरपणा आला. डिसेंबरमध्ये तो एकाच दिवशी दोनदा जमिनीवर कोसळला. मग काही आठवड्यांत पायही बरेच सुधारले. त्या वेळच्या डॉक्टरांनी त्याला दिवसातून दोनदा बीफस्टेक, जोडीला पोर्ट, शेरी आणि माडेरा अशी उंची वाइन सुचवली होती. सुधारणेचं श्रेय अर्थातच त्याला मिळालं! हे आपण लक्षात ठेवू या, कारण जो आजार आपोआप ओसरतो, त्यात शेवटी जे काही दिलं असेल ते औषध ठरतं. आजही एमएसच्या नावावर खपणाऱ्या अनेक 'चमत्कारी' उपायांचं गुपित हेच आहे.

देस्तने हे सगळं डायरीत लिहून ठेवलं, बावीसहून जास्त वर्षं. तो १८४८ मध्ये गेला. त्याच्या हयातीत या आजाराला नावच नव्हतं. ते आलं १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात, जाँ-मार्तँ शार्को यांच्या व्याख्यानांतून. त्यांनी दिलेल्या फ्रेंच नावाचा साधा अर्थ होतो 'चकत्या-चकत्यांनी आलेला कडकपणा'. मृत रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यांना जागोजागी राखाडी, घट्ट झालेले डाग दिसले होते. डागांच्या मधला भाग बऱ्यापैकी ठीक. आणि सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली: डागाच्या आत मज्जातंतूंवरचं आवरण गेलेलं होतं, पण आतला तंतू पुष्कळदा शाबूत होता. आजच्या व्याख्यानाचा सगळा गाभा या एका निरीक्षणात आहे. तंतू आहे, आवरण नाही.

हे आवरण म्हणजे मायलिन. ते सहसा विजेच्या वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं आहे असं सांगतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे, आणि थोडी फसगतही करतं. वायरचं प्लॅस्टिक निघालं तरी दिवा लागतोच, फक्त शॉक बसायची भीती. मज्जातंतूचं तसं नाही. तिथे मायलिन गेलं की दिवाच लागत नाही. का, ते पाहू.

मायलिन तंतूवर सलग नसतं. ते तुकड्यातुकड्यांनी गुंडाळलेलं असतं. जाड तंतूत एक तुकडा साधारण एक मिलिमीटरपर्यंत लांब. दोन तुकड्यांच्या मध्ये तंतूचा अगदी छोटासा उघडा भाग, एक मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. याला रानव्हिएचा नोड म्हणतात. संदेश पुढे ढकलण्यासाठी लागणारे सोडियमचे दरवाजे जवळजवळ सगळे या नोडवर एकवटलेले असतात. म्हणजे संदेश एका नोडवरून उडी मारतो तो थेट पुढच्या नोडवर. मुंबईकरांना हे लगेच समजेल: ही फास्ट लोकल आहे. दादरहून सुटली की मधली स्टेशनं सोडून कुर्ला. म्हणून जाड मायलिनवाल्या तंतूत संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग गाठू शकतो, आणि मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तोच वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो.

आता मधलं मायलिन उतरलं असं समजा. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फास्टची स्लो होईल. पण स्लो गाडीला मधल्या स्टेशनांवर फलाट तर हवेत! मायलिनखाली झाकलेल्या भागात सोडियमचे दरवाजे जवळजवळ नसतातच, कारण तिथे त्यांची कधी गरजच पडलेली नव्हती. नोडवर निर्माण झालेला प्रवाह पुढे पोचण्याआधी या उघड्या भागातून गळून जातो. निरोगी नोड पुढच्या नोडला पेटवायला लागतो त्याच्या पाच ते सात पट प्रवाह देतो, म्हणजे भरपूर राखीव साठा असतो. मायलिन गेलं की हा साठा घसरत घसरत एकच्या आसपास येतो. एकच्या खाली गेला की संदेश तिथेच संपला. तंतू जिवंत, दोन्ही टोकं धडधाकट, पण निरोप पोचत नाही.

हा आकडा, एकच्या थोडा वर की थोडा खाली, कृपया डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग पहिल्या प्रश्नाकडे येऊ: डाग असे विखुरलेले का? एमएसमध्ये आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशी मेंदूत शिरून मायलिनवर हल्ला करतात. त्या शिरतात कुठून? मेंदूतल्या बारीक नीलांच्या भिंतीतून. म्हणून ताजा डाग बहुधा एखाद्या छोट्या नीलेभोवती तयार होतो. चांगल्या ताकदीच्या एमआरआयमध्ये डागाच्या मधोमध ती बारीक नीला रेघेसारखी दिसतेसुद्धा, आणि निदानासाठी तिचा उपयोग होतो. पाऊस सगळीकडे सारखा पडला तरी गळती छताला जिथे फट आहे तिथेच होते, तसं काहीसं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने, डोळ्याच्या नसेत, मेंदूच्या देठात, लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत हे डाग जास्त पडतात.

आणि डाग किती मोठा यापेक्षा कुठे पडला यावर लक्षण ठरतं. डोळ्याची नस म्हणजे साधारण दहा-बारा लाख तंतूंची पाच सेंटिमीटर लांबीची जुडी. तिथे काही मिलिमीटरचा डाग पडला तरी एका डोळ्याची नजर जाते, रंग फिके दिसतात, लाल रंग विटकरी वाटतो, डोळा हलवला की दुखतं. मेंदूच्या देठात डोळ्यांची हालचाल जुळवणारे तंतू दाटीने असतात. तिथला डाग म्हणजे एकाच्या दोन दिसणं. मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, आणि त्यातून पायांकडे जाणारे, बधिरपणा-स्पर्श आणणारे, लघवीवर ताबा ठेवणारे सगळे रस्ते जातात. तिथे डाग पडला की पाय जड, कंबरेखाली बधिरपणा आणि लघवीची घाई एकदमच येऊ शकतं. उलट मोठ्या मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात तेवढाच डाग पडला तर पुष्कळदा काहीच कळत नाही. नियमित एमआरआय केलेल्या रुग्णांमध्ये असं दिसतं की एका जाणवणाऱ्या ॲटॅकमागे पाच ते दहा नवे डाग न जाणवताच पडून गेलेले असतात.

देस्तची डायरी आता पुन्हा वाचा. १८२२: डोळ्याची नस. १८२७ चा शरद: मेंदूचा देठ. त्यानंतर काही आठवड्यांत: मज्जारज्जू. तीन वेगळे आजार नव्हते ते, एकाच प्रक्रियेचे तीन पत्ते होते. आजही एमएसचं निदान याच तर्कावर उभं आहे: डाग वेगवेगळ्या जागी आहेत का, आणि वेगवेगळ्या काळात पडले आहेत का. फक्त आता त्यासाठी बावीस वर्षांच्या डायरीची वाट पाहावी लागत नाही. एकाच एमआरआयमध्ये काही डाग गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर चमकतात आणि काही चमकत नाहीत. चमकणारे ताजे, कारण तिथली नीला अजून गळते आहे. न चमकणारे जुने. म्हणजे 'वेगवेगळा काळ' एका फिल्मवर मिळाला.

आता लक्षण ओसरतं कसं? इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं, कारण 'बरं झालं' या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत.

पहिली गोष्ट सूज. ताज्या डागात सूज असते आणि पेशींनी सोडलेली रसायनं असतात. ती स्वतःच संदेश अडवतात. सूज दिवसांत-आठवड्यांत उतरते आणि काही तंतू लगेच बोलायला लागतात. शिरेतून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा, म्हणजे रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन ते पाच दिवस, मुख्य परिणाम इथेच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. डोळ्याच्या नसेच्या सुजेत हे स्टेरॉइड दिलं तर नजर लवकर परत येते, पण सहा महिन्यांनंतर स्टेरॉइड घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची नजर जवळजवळ सारखीच असते. म्हणजे स्टेरॉइड घाई करतं, डागाची दुरुस्ती करत नाही.

दुसरी गोष्ट, उघड्या पडलेल्या तंतूवर नवे सोडियमचे दरवाजे पसरतात. मधल्या स्टेशनांवर फलाट बांधले गेले म्हणा ना. गाडी पोचते, पण प्रत्येक स्टेशनावर थांबत. आणि अशा गाडीला ऊर्जाही जास्त लागते, कारण आत शिरलेलं सोडियम प्रत्येक वेळी पंपाने बाहेर काढावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नवं मायलिन. मेंदूत मायलिन तयार करणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. एक पेशी अनेक तंतूंवर हातपाय पसरून पुष्कळ तुकडे गुंडाळते. त्या गेल्या तरी त्यांची नवी पिढी तयार होऊ शकते. पण नवं मायलिन पातळ असतं, तुकडे आखूड असतात, आणि वय वाढतं तशी ही दुरुस्ती मंदावते.

हे नुसतं तर्काने सांगतोय असं नाही. १९७२ मध्ये लंडनमधल्या हॅलिडे, मॅकडोनल्ड आणि मुशिन यांनी एक साधी वाटणारी तपासणी केली. रुग्णाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पडदा दाखवायचा, चौकटी उलटसुलट करायच्या, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद कधी उमटतो ते मोजायचं. निरोगी डोळ्याचा प्रतिसाद साधारण १०० मिलिसेकंदांनी येतो. डोळ्याच्या नसेची सूज होऊन गेलेल्यांमध्ये तो तीसेक मिलिसेकंद उशिरा येत होता. आणि महत्त्वाचं म्हणजे, नजर पूर्ण परतलेल्यांमध्येही उशीर तसाच राहिला होता. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा डोळा, पण आतली गाडी अजून स्लोच. आजही ही तपासणी, व्हीईपी नावाने, मोठ्या शहरांतल्या न्यूरॉलॉजी विभागांत होते. पूर्वी कधीतरी डोळ्याला झालं होतं, पण कागद हरवलेत, अशा वेळी ती फार कामाला येते.

आता दुसरा प्रश्न, उन्हाचा. एक उदाहरण घेऊ. समजा बत्तीस वर्षांच्या एका बाईंना गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा ॲटॅक आला होता. दोन महिन्यांत नजर परतली. यंदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता, घाईघाईने रेल्वेचा पूल चढून त्या फलाटावर उतरतात, आणि उजव्या डोळ्यासमोर धुरकट पडदा येतो. त्या घाबरतात: परत सुरू झालं! पंख्याखाली बसतात, पाणी पितात. वीस-पंचवीस मिनिटांत डोळा पूर्ववत होतो. मग घरचे म्हणतात, "टेन्शनमुळे होतं तुला." 

हे टेन्शन नाही आणि नवा ॲटॅकही नाही. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी श्रमानंतर नजर तात्पुरती अंधुक होते असं नोंदवलं होतं. खरा गुन्हेगार श्रम नसून शरीराचं वाढलेलं तापमान आहे, हे पुढे स्पष्ट झालं. शरीर तापलं की सोडियमचे दरवाजे उघडून पटकन बंद होतात. प्रवाहाचा झोत आखूड होतो. निरोगी तंतूला काही फरक पडत नाही, त्याच्याकडे पाच-सात पट साठा आहे. पण जुन्या डागातला तंतू एकच्या जेमतेम वर उभा आहे. प्रयोगांत अर्ध्या अंश सेल्सिअसच्या वाढीनेही असे तंतू बंद पडलेले दिसले आहेत. शरीर थंड झालं की ते पुन्हा चालू. त्यामुळे नवा डाग पडत नाही आणि जुना वाढतही नाही. एकेकाळी तर एमएसच्या निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते पाहत असत. ती पद्धत आता बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं.

याच बाईंना समजा ऑगस्टमध्ये दोन दिवस पाय जड वाटले, जिना चढवेना, सोबत बारीक ताप आणि लघवीला जळजळ. इथे गडबड होते. दोन दिवस टिकलं म्हणजे रिलॅप्स, म्हणून थेट स्टेरॉइड सुरू करण्याचा मोह होतो. रिलॅप्सची व्याख्या अशी आहे: लक्षण २४ तासांहून जास्त सलग टिकलं पाहिजे, ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना आलं पाहिजे, आणि आधीच्या ॲटॅकपासून किमान ३० दिवस उलटलेले असले पाहिजेत. या बाईंच्या बाबतीत आधी लघवीची तपासणी व्हायला हवी. संसर्ग निघाला तर त्याचं औषध, तापाचं औषध. पाय बहुधा दोन-चार दिवसांत परत येतात. संसर्ग असताना भरपूर स्टेरॉइड देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. ओळखण्याची एक ढोबळ खूण सांगतो: जुनंच लक्षण, जुन्याच जागी, उष्णतेबरोबर येणारं-जाणारं असेल तर संशय जुन्या डागावर घ्यावा. अगदी नवीन जागी, हळूहळू तासांत-दिवसांत वाढत जाणारं आणि थंड झाल्यावरही न हटणारं असेल तर नवा डाग समजून डॉक्टर गाठावा.

उलट्या प्रकारचीही लक्षणं असतात. मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखं वाटतं. इथे तंतू बंद पडलेला नसतो, उलट उघडा पडल्याने तो नको तितका हळवा झालेला असतो आणि नुसत्या ताणाने स्वतःहून पेटतो. हे ऐकल्यावर अनेक रुग्ण म्हणतात, "हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, वेडी म्हणतील म्हणून."

मग दरवेळी असं ओसरतच राहतं का? देस्तचं तसं झालं नाही. पुढच्या वर्षांत प्रत्येक वेळी थोडं कमी परत आलं. शेवटच्या वर्षांत तर ॲटॅक असे वेगळे उरलेच नाहीत, फक्त उतरण. शार्कोंना तंतू शाबूत दिसले होते ते खरं, पण सगळे नाहीत. १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ताज्या डागांत पुष्कळ तंतू प्रत्यक्ष तुटलेले असतात, अगदी आजाराच्या सुरुवातीपासून. काही तुटले तरी उरलेले काम ओढून नेतात, म्हणून सुरुवातीला कळत नाही. उघडे राहिलेले तंतूही वर्षानुवर्षं जास्त ऊर्जा खर्च करून थकतात. राखीव तंतू संपत आले की नव्या ॲटॅकशिवायही चाल बिघडत जाते. म्हणूनच आजची दीर्घकाळ घ्यायची औषधं माणूस ठणठणीत दिसत असतानाच सुरू करतात, आणि ती काम करताहेत की नाही हे रुग्णाला विचारून पुरेसं कळत नाही. ठरावीक काळाने एमआरआय करून नवा डाग पडला का ते पाहावं लागतं. "मला काही त्रास नाही, मग एमआरआयचा खर्च कशाला?" याचं उत्तर ते न जाणवणारे पाच-दहा डाग.

शेवटी श्रोत्यांमधून आलेले दोन प्रश्न.

पहिला: "डोळ्याचा एकच ॲटॅक आला तर एमएस होणारच का?" नाही. मघाच्या अमेरिकन चाचणीतल्या रुग्णांवर पुढे पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सगळे मिळून साधारण निम्म्यांना एमएस झाला. पण सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, आणि एक किंवा जास्त डाग होते त्यांच्यात सुमारे ७२ टक्के. म्हणून डोळा बरा झाला तरी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा.

दुसरा: "डोळा आणि मज्जारज्जू, दोन्हींना झालं म्हणजे एमएसच ना?" इथे सावध राहायला हवं. एनएमओ नावाचा वेगळा आजार अगदी असाच दिसतो. त्यात हल्ला मुळात मायलिनवर नसतो, तर ॲक्वापोरिन-४ या प्रथिनावर असतो, आणि ते ॲस्ट्रोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशींवर असतं. त्याची प्रतिपिंडं रक्तात सापडतात, हे २००४ नंतर कळलं. मज्जारज्जूतला डाग सलग तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असेल, किंवा आठवडाभर न थांबणारी उचकी आणि उलट्या झाल्या असतील, तर ही रक्ततपासणी करायलाच हवी. कारण एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, या आजारात दिली तर तो बळावतो.